वालाचा वेल आणि मधली खूण

शकुंतलाबाई निंबर्गी चित्रकला शिकवायच्या आणि वेलाचा त्यांच्याशी तसा काही संबंध नव्हता. पण शाळेचे विज्ञानाचे सर दिवाळीनंतर बदलून करमाळ्याला गेले, नवे यायला वेळ होता आणि जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन जानेवारीत अकलूजला ठरलेलं होतं. मुख्याध्यापक हरिबा गावडे यांनी स्टाफरूममध्ये एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळ्यांनी वह्या तपासायला काढल्या. बाईंच्याकडे तपासायला वह्या नव्हत्या, म्हणून त्या सापडल्या.

"बाई, तुमीच बघा की. वेल हाय, चित्र हाय, एकच की ते."

"सर, मी वेल काढते. वाढवत नाही."

"वाढवायला उर्वी हाय."

उर्वी नववीतली. शाळेच्या अंगणात तिनं वालाच्या चार बिया लावल्या होत्या, चार काठ्या रोवून वरून सुतळ्या बांधल्या होत्या, आणि वेल काठीला कसा धरतो ते जगाला दाखवायचंच असं तिनं मनात घेतलं होतं. नुसत्या डोळ्यांनी ते दिसत नाही. सकाळी बघावं तर शेंडा इकडे, दुपारी बघावं तर तिकडे, आणि तो गेला कधी ते कुणाला कळत नाही. म्हणून तिची कल्पना अशी, की एक फोन खिडकीत बसवायचा, तासातासाला एक फोटो काढायचा आणि शेवटी सगळे फोटो एकामागून एक पळवायचे. दोन महिन्यांचा वेल पाऊण मिनिटात वर चढेल.

फोन बाईंचाच जुना, काचेला तडा गेलेला. स्टाफरूमच्या खिडकीच्या गजाला तो लाकडी पट्टी आणि रबरानं बांधला आणि चार्जरची वायर लावून दिली. संगणक शिकवणाऱ्या अनीश सरांनी त्यात एक अ‍ॅप घालून दिलं. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, दर तासाला आपोआप एक फोटो. दिवसाला दहा. रविवारीसुद्धा.

फोनला दिसायचं ते एवढं: डावीकडे व्हरांड्याचा सिमेंटचा खांब, त्यावर शाळेची घंटा टांगायचा लोखंडी आकडा. मध्ये वालाचा मांडव, आणि त्याच्या मागे वीट-बांधकामाच्या ओट्यावर पाण्याची काळी टाकी. ओट्याच्या भिंतीला मुलांनी पाणी प्यायचे सहा नळ. उजवीकडे प्रयोगशाळेची भिंत आणि तिच्या वरच्या अंगाला एक झरोका.

वेल जोमात आला. इतका, की बाकीच्या अंगणातली झेंडूची रोपं त्याच्याकडे बघून लाजावीत. उर्वी म्हणायची, बियाणं चांगलं. बाई म्हणायच्या, पोरीचा हात चांगला. आठ आठवड्यांत वेल सुतळीच्या टोकाला पोचला, जांभळी फुलं आली, चपट्या शेंगा लोंबायला लागल्या. प्रदर्शनाच्या आधीच्या शुक्रवारी फोन खिडकीतून सोडला तेव्हा त्यात पाचशे साठ फोटो होते.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाई, उर्वी आणि अनीश सर संगणकाच्या खोलीत बसले. अनीश सर सव्वीस वर्षांचे, भराभर बोलणारे आणि त्याहून भराभर टाइप करणारे. त्यांनी सगळे फोटो ओळीत लावले, सेकंदाला बारा अशा वेगानं पळवले.

पडद्यावर जे आलं ते बघून बाईंनी खुर्चीचा हात धरला. सगळी शाळा उड्या मारत होती. खांब वर, खांब खाली, मांडव तिरका, टाकी एकदम डावीकडे, परत उजवीकडे. त्यात वेल कुठे वाढतोय ते बघायचं म्हणजे एस.टी.च्या शेवटच्या सीटवरून वर्तमानपत्र वाचण्यासारखं.

"भूकंप झाला होता का आपल्याकडे?" बाईंनी विचारलं.

"फोन हललाय, बाई. तुम्ही दर शनिवारी फोटो उतरवून घ्यायला सोडत होता. परत बांधला की थोडा फरक पडणारच."

"आठ वेळा सोडला. ह्या उड्या तर पन्नास आहेत."

दारात बसव्वा उभी होती. शाळेतली झाडलोट, चहा, घंटा सगळं तिच्याकडे. मूळची अक्कलकोटाकडची, मराठी बोलता बोलता मध्येच कानडी. तिनं पदरानं तोंड झाकलं.

"काय झालं, बसव्वा?"

"मी रोज पुसत होते की वो बाई त्याला. किती धूळ बसतीय खिडकीत! काच चकाचक पायजे म्हणून."

"रोज?"

"हौदु. आयतवार सोडून."

उर्वी हसता हसता बाकावर आडवी झाली. बाईंनाही हसू आवरलं नाही. बसव्वाच्या फडक्यानं रोज फोन केसभर फिरवला होता, आणि फोन केसभर फिरला की चार-पाच मीटर लांबचा खांब फोटोत बोटभर सरकतो.

"काही हरकत नाही," अनीश सर म्हणाले. "प्रोग्राम आहे माझ्याकडे. दोन फोटोंत सारख्या दिसणाऱ्या जागा तो स्वतः शोधतो आणि दुसरा फोटो सरकवून, फिरवून पहिल्यावर बसवतो. पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटं झाली. व्हिडिओ चालू झाला आणि आता वेल अगदी स्थिर होता. त्याचं एक पानही हलत नव्हतं. बाकी शाळा मात्र त्याच्याभोवती झिंगल्यासारखी डोलत होती.

अनीश सरांनी डोकं खाजवलं. प्रोग्रामला जागा शोधायला सांगितल्या, तर त्यानं शोधल्या कुठे, पानांवर. पानं ठसठशीत, शिरा ठळक, फोटोच्या मधोमध. सपाट भिंतीवर त्याला धरायला काय मिळणार! ज्याची हालचाल दाखवायची तेच त्यानं घट्ट धरून ठेवलं होतं.

त्यांनी मांडवाचा सगळा भाग झाकून टाकला, प्रोग्रामला सांगितलं की इथं बघूच नको. मग प्रत्येक फोटो त्याच्या आधीच्या फोटोवर बसवला. या वेळी उड्या गेल्या, पण शेवटी शेवटी सगळं चित्र कलंडून एका कोपऱ्यात गेलं. प्रत्येक जोडीत चूक एवढीशीच, पण ती चूक घेऊन पुढचा फोटो बसला, त्याच्यावर त्याच्या पुढचा, आणि पाचशे साठाव्यापर्यंत त्या एवढ्याशाचं एवढं झालं.

आता बाई पुढे सरकल्या. लग्नाआधी त्यांनी चार वर्षं चादरी आणि टॉवेल छापायच्या कारखान्यात काम केलं होतं. लाल रंगाची चौकट वेगळी, निळ्याची वेगळी, आणि एकावर दुसरी नेमकी बसली नाही तर मोराचा डोळा मोराच्या मानेवर यायचा.

"अनीश सर, आम्ही छपाईत कापडाच्या कडेला दोन खुणा करायचो. निळा छापताना लालावर बसवायचो, हिरवा छापतानाही लालावरच. हिरवा कधी निळ्यावर बसवला नाही. तुम्हीही सगळे फोटो पहिल्यावरच बसवा. आणि खुणा दोनच, पण आपण निवडू त्या."

"हाताने? पाचशे साठ फोटोंवर?"

"मग काय झालं? उर्वी आहे, मी आहे."

अनीश सरांचे डोळे चमकले. "बरोबर आहे, बाई. दोन बिंदू पुरतात. एकानं सरकलं किती ते कळतं. दोघांनी मिळून कललं किती आणि लहानमोठं झालं किती, तेही कळतं. तुम्ही क्लिक करा, फिरवाफिरवी मी लावतो."

एक खूण सगळ्यांना पटली. खांबावरच्या घंटेच्या आकड्याचं टोक. दुसरी बाईंनी टाकीच्या ओट्यावर निवडली. भिंतीच्या अगदी वरच्या कोपऱ्यात पाइप धरायला ठोकलेला एक बोल्ट, उन्हात चकाकणारा, प्रत्येक फोटोत स्पष्ट. मग दोघी दोन संगणकांवर बसल्या. आकडा, बोल्ट. पुढचा. आकडा, बोल्ट. पुढचा. बसव्वानं दोनदा चहा दिला. साडेचारला शेवटचा फोटो झाला तेव्हा बाईंना डोळे मिटले तरी बोल्ट दिसत होता.

आणि व्हिडिओ झाला तो असा: खांब जागेवर, टाकी जागेवर, आणि त्यांच्या मध्ये वालाचा कोवळा शेंडा जमिनीतून वर येऊन झुलतोय, आंधळ्यानं हात पसरावा तसा चाचपडतोय, सुतळीला लागतोय आणि लागताक्षणी तिच्याभोवती वळसा घालतोय. एक वळसा, दोन, तीन. पानं उघडतात, सावल्या झरझर फिरतात, फुलं फुटतात. उर्वीच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन महिने रोज पाहिलेला वेल ती पहिल्यांदाच बघत होती.

"कडेला काळ्या पट्ट्या येतायत, सरकवलेल्या फोटोंच्या," अनीश सर म्हणाले. "चारी बाजूंनी थोडं कापलं की झालं. उजवीकडून जरा जास्तच कापू, ती प्रयोगशाळा नाहीतरी कशाला हवी?"

"थांबा," बाई म्हणाल्या. "कापू नका. परत लावा."

त्यांनी परत लावलं. बाई वेलाकडे बघत नव्हत्या. त्यांनी बोट पडद्याच्या उजव्या अंगाला ठेवलं होतं, झरोक्यावर. व्हिडिओ संपला तेव्हा झरोका बोटापासून उजवीकडे सरकलेला होता.

"ही खोली चालतेय."

"बाई, थोडंफार राहतंच. क्लिक करताना हात हलतो."

"हात हलला तर कधी इकडे, कधी तिकडे. हा झरोका एकाच बाजूला जातोय, सुरुवातीपासून. मुंगीसारखा."

अनीश सरांनी आकडे काढले, कारण बाई उठायला तयार नव्हत्या. प्रत्येक फोटोत आकड्यापासून बोल्टपर्यंत किती ठिपके, म्हणजे पिक्सेल. पहिल्या आठवड्यात चौदाशे. तिसऱ्यात तेराशे सत्त्याण्णव. सहाव्यात तेराशे नव्वद. शेवटी तेराशे पंच्याऐंशी.

"म्हणजे दोन्ही खुणा जवळ येतायत," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि त्या जागेवर ठेवायच्या म्हणून प्रोग्राम प्रत्येक फोटो थोडा थोडा मोठा करतोय. त्यामुळे लांबची खोली बाहेर ढकलली जातेय."

"मग हलतंय कोण?"

"फोनच असेल, बाई. फोन खिडकीत बाजूला सरकला तर जवळच्या वस्तू आणि लांबच्या वस्तू सारख्या सरकत नाहीत."

"पण तो सरकला असता बसव्वानं पुसल्यावर, नाहीतर मी सोडल्यावर. एकदम. ही तर रविवारीही सरकतेय, आणि रविवारी त्याला कुणी हात लावलेला नाही."

उर्वीनं खुर्ची पुढे ओढली. ती म्हणाली, "बाई, आपण झरोक्यावरही क्लिक करू या का? तीन झाले तर कोण हललं ते कळेल."

सगळे फोटो परत करायला वेळ नव्हता. त्यांनी रोज दुपारी एकचाच फोटो घेतला, म्हणजे ऊनसावलीही सारखी. छप्पन्न फोटो, छप्पन्न क्लिक. अंतरं कागदावर लिहून काढली. आकड्यापासून झरोक्यापर्यंत: पहिल्या दिवशी जेवढं, शेवटच्या दिवशी तेवढंच, एखादा ठिपका इकडेतिकडे. आकड्यापासून बोल्टपर्यंत: पंधरा ठिपके कमी. बोल्टपासून झरोक्यापर्यंत: पंधरा जास्त.

खांब जागेवर होता. खोली जागेवर होती. मधली टाकी खांबाकडे निघाली होती.

बाईंनी त्याच भिंतीच्या खालच्या एका विटेवरही क्लिक करून पाहिलं. ती हलली नव्हती. खाली पाय रोवलेले, वरून कललेली. मग त्यांनी फोटोत एका विटेची लांबी मोजली, एकशे पंधरा ठिपके. वीट नऊ इंची. अनीश सरांनी हिशेब केला, एक ठिपका म्हणजे दोन मिलिमीटर. पंधरा ठिपके म्हणजे तीन सेंटिमीटर.

खोलीत पंखा फिरत होता. सोमवारी साडेदहाला मधली सुट्टी, आणि मधल्या सुट्टीत त्या सहा नळांवर सव्वादोनशे मुलं. वर दोन हजार लिटर पाणी.

अनीश सर म्हणाले, "परवा पहाटे अकलूजला निघायचंय. हे आत्ता काढलं तर प्रदर्शन राहील बाजूला. व्हिडिओ तर छान झालाय, उजवीकडून कापला की कुणाला काही दिसणारही नाही." बोलून झाल्यावर ते स्वतःच ओशाळले. "म्हणजे... तसं नाही म्हणत मी."

"मला माहीत आहे तुम्ही कसं म्हणता ते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मुख्याध्यापकांना फोन लावला.

हरिबा गावडे सांगोल्याकडच्या एका वाडीतले. घरात अजूनही मेंढरं, आणि शनिवार-रविवार ते गावी. पलीकडून मेंढरांचं ओरडणं ऐकू येत होतं.

"काय म्हंता? भित चालतीया? बाई, तुमी दिवसभर त्या डब्याम्होरं बसलाय, डोळं फिरल्यात तुमचं. मी सकाळी गेलतो की तितनं. चांगली उभी हाय."

"सर, डोळ्यांना दिसत नाही. दोन महिन्यांत तीन सेंटिमीटर."

"आन् तुमी मोजलं फोटूवरनं?"

बाईंनी सांगितलं. खांब, बोल्ट, झरोका. कोण कुणाच्या जवळ आलं, कोण कुणापासून लांब गेलं.

"म्हंजे कडंची दोनी जागच्या जागी," गावडे सर सावकाश म्हणाले. "आन् मधलं एकाला लागलं, दुसऱ्यापास्नं तुटलं. मग मधलंच हाललं की वो!"

"तेच म्हणते मी."

"थांबा. सकाळी आठला येतो. जोतीराम गवंड्याला घेऊन या. आन् नळाकडं कुनाला जाऊ देऊ नका."

रविवारी सकाळी जोतीराम गवंडी आला. शाळेच्या मागच्याच गल्लीतला, साठीचा, गालात सुपारी. व्हिडिओ-बिडिओ त्यानं बघितला नाही. त्यानं पिशवीतून ओळंबा काढला, शिडी व्हरांड्याच्या बाजूला लावली, आणि ओट्याच्या वरच्या कडेला पट्टी धरून दोरी सोडली. लोखंडी लट्टू खाली डुलत राहिला. सगळे त्याच्याकडे बघत उभे होते. लट्टू थांबला. जोतीरामानं दोरी आणि भिंत यांच्या मधल्या फटीत वर एक बोट घातलं. बरोबर बसलं. मग तो खाली उतरला, वाकला आणि खाली बोटं घातली. एक, दोन, तीन, चार. चारही आत गेली.

त्यानं सुपारी थुंकली.

"साहेब, टाकी रिकामी करा. आत्ता."

गावडे सरांनी टोपी काढून परत घातली. बाईंच्याकडे बघितलं. मग जोतीराम ओट्याच्या व्हरांड्याकडच्या बाजूला बसून माती उकरायला लागला. वर कोरडी दिसत होती, वीतभर खाली काळा चिखल. नळाच्या पाइपचा जोड मातीखाली गळत होता. एका अंगाची काळी माती पाणी पिऊन लोण्यासारखी झाली होती आणि दुसऱ्या अंगाची थंडीत वाळून कडक. पाया मऊ बाजूला बसत चालला होता.

"कवापासनं गळतंय हे?" सरांनी विचारलं.

"दिवाळीपासनं तिथं ओल हाय की वो सर," बसव्वा म्हणाली. "मला वाटलं, पोरगी येलाला पाणी घालतीय."

"मी तर पंधरा दिवस घातलंच नाही," उर्वी म्हणाली. "माती ओलीच असायची. मला वाटलं, बसव्वामावशी घालतायत."

सगळ्यांनी वालाकडे बघितलं. तो भरल्या पोटी सुतळीवर पसरला होता.

टाकी रिकामी करायची म्हणजे दोन हजार लिटर पाणी सोडून द्यायचं, आणि सोलापुरात, चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गल्लीत, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. गावडे सरांनी वरच्या तोंडातून लांब नळी टाकून घेतली, ती टाकणाऱ्या माणसाला ओट्याखालून न जाता प्रयोगशाळेच्या छपरावरून पाठवलं, आणि नळीचं दुसरं टोक पार फाटकापाशी नेलं. बसव्वा गल्लीत जाऊन एकदाच ओरडली. पाच मिनिटांत फाटकाबाहेर घागरी, बादल्या, पिंपं, एका घरचा तर पाळण्यातल्या बाळाचा टब. मराठी, तेलुगू, कानडी, दखनी, सगळ्या बोलींत एकच भांडण, नंबर कुणाचा. चंद्रव्वा म्हणून एक आजी होत्या, त्यांनी चार घागरी भरून घेतल्या आणि विचारलं, "आज कशाचं गं हे? लग्न हाय का शाळंत?"

"भिंत पडणार आहे, आजी."

"मग रोज पाडा की गं!"

दुपारपर्यंत टाकी कोरडी झाली. चौघांनी दोर बांधून ती मागच्या बाजूनं उतरवली. जोतीरामानं दोन पोलादी पहारी लावल्या, सगळ्यांना खांबाच्या पलीकडे हाकललं आणि एकदा रेटलं. दुसऱ्यांदा रेटायची वेळ आली नाही. ओटा व्हरांड्याच्या बाजूला, ज्या बाजूनं तो आठ आठवडे निघाला होता त्याच बाजूला, थकलेल्या माणसासारखा बसला. नळ विटांखाली गेले. धूळ उडाली आणि वालाच्या पानांवर पांढरी बसली.

गावडे सर बाईंच्या शेजारी येऊन उभे राहिले. "बाई, काल फोनवर मी म्हनलं न्हवं, डोळं फिरल्यात. माझं चुकलं."

"डोळे फिरलेच होते, सर. फक्त भिंतही फिरली होती."

सर मोठ्यानं हसले, आणि त्यांच्या हसण्यानं सगळ्यांना मोकळं वाटलं.

उरलेल्या दुपारी अनीश सरांनी व्हिडिओ नव्यानं बसवला. आता खुणा दोन, घंटेचा आकडा आणि झरोका. न हलणाऱ्या. चारही बाजूंनी सारखंच कापलं, उजवीकडून जास्त नाही. आता प्रयोगशाळा जागेवर राहिली, वेल चढला, आणि त्याच्या मागे टाकीचा ओटा, नीट बघितलं तरच कळेल असा, पाऊण मिनिटात हळूच नमस्कार केल्यासारखा कलला.

"आता हा हलतोय, ते खटकेल लोकांना," अनीश सर म्हणाले.

"खटकू दे," बाई म्हणाल्या.

सोमवारी अकलूजच्या शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये शंभर मांडण्या होत्या. ज्वालामुखी अकरा होते, ठिबक सिंचन चौदा. उर्वीच्या टेबलावर एक लॅपटॉप, एक कुंडी, आणि मांडवावरून तोडलेल्या शेंगांची परडी. परीक्षक तिघे. त्यातल्या एक उंच बाई कुठल्याशा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या. त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला.

"सुंदर आहे. शेंडा गोल फिरतो, पण तुमच्या व्हिडिओत नुसता इकडेतिकडे झुलताना दिसतो. का?"

"तासाला एकच फोटो आहे, मॅडम," उर्वी म्हणाली. "तासाभरात तो अर्ध्याहून जास्त फिरून येतो. मधलं आम्हाला दिसत नाही. पुढच्या वेळी दहा मिनिटांनी घेऊ."

मॅडमनी मान डोलावली. मग चष्मा खाली करून पडद्याच्या मधोमध बोट ठेवलं. "बाकी सगळं इतकं छान स्थिर केलंत. ही मागची भिंत तेवढी राहिली वाटतं. तीही करायची ना स्थिर!"

"केली होती, मॅडम," उर्वी म्हणाली. "पण ती खरंच हलत होती."

मग तिनं सगळं सांगितलं. आधी मॅडम उभ्या होत्या, मग खुर्ची ओढून बसल्या. बाकीचे दोन परीक्षक आले. शेजारच्या ज्वालामुखीची मुलं आली. बसव्वाच्या फडक्यापाशी सगळे हसले आणि जोतीरामाच्या चार बोटांपाशी सगळे पुढे झुकले. शकुंतलाबाई मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. बत्तीस वर्षं त्या मुलांना सांगत आल्या होत्या, आधी नीट बघा, मग काढा. इतक्या लोकांना एका वेळी नीट बघताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

वनस्पती विभागात उर्वीला दुसरा नंबर मिळाला. पहिला एका शेवाळ्याला गेला. परतीच्या गाडीत उर्वी जरा हिरमुसली, पण टेंभुर्णीला भजी खाल्ल्यावर तिचं तोंड सरळ झालं. अनीश सरांनी तिला तिथंच सांगितलं की पुढच्या वर्षी आपण प्रोग्रामला तीन खुणा द्यायच्या, म्हणजे एखादी खोटी निघाली तर तो स्वतःच ओरडेल.

शाळेत तात्पुरती टाकी जमिनीवर ठेवली. नळ तिला लागले, पाइप नवा आला. पण गल्लीत बातमी मात्र फुगत गेली. कुणी म्हणे, शाळेच्या बाईंचा फोन भिंतीच्या आत बघतो. कुणी म्हणे, पडायच्या आधी दोन महिने सांगतो. फाटकाशी माणसं यायला लागली. बाई, आमच्या जिन्याला चीर आहे. बाई, आमच्या न्हाणीची भिंत. बाईंनी प्रत्येकाला जोतीरामाचा पत्ता दिला.

चंद्रव्वा आजी मात्र हटल्या नाहीत. त्यांच्या माजघराची भिंत कलतेय अशी त्यांची खात्री होती, आणि त्यांना ओळंबा नको होता, फोटूच हवा होता. अखेर बाईंनी फोन नेला, समोरच्या एका स्टुलावर नीट बांधला आणि आठ दिवस तासातासाला फोटो घेतले. पुढच्या शनिवारी आजी काठी टेकत संगणकाच्या खोलीत येऊन बसल्या. या वेळी तीन खुणा होत्या: देवळीचा कोपरा, खुंटी आणि दाराची कडी. उर्वीनं क्लिक केलं, अनीश सरांनी आकडे काढले. तिन्ही खुणा एकमेकींपासून होत्या तेवढ्याच होत्या. फोटो मात्र सगळेच्या सगळे रोज एका बाजूला कलत गेले होते.

"काय निगालं?" आजींनी विचारलं.

"भिंत सरळ आहे, आजी. अगदी जागेवर आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या स्टुलाचा एक पाय खचतोय."

आजींनी मान डोलावली.

"तरीच," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर बसून बघत होते मी भिंत."